चेंडूची शेपटी आणि टीव्हीचा उजेड

सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरतो आणि जाहिरातफलकावरची अक्षरं पुसट होतात. बहुतेकांना वाटतं, पॅनेल संथ आहे. पण ओएलईडीचे पिक्सेल मिलिसेकंदाच्याही आत रंग बदलतात, तरी अक्षरं फासलेलीच दिसतात. खरं कारण असं की चित्र थांबतं आणि नजर थांबत नाही. सेकंदाला ५० चित्रं येत असतील तर प्रत्येक चित्र २० मिलिसेकंद जागच्या जागी असतं. तेवढ्यात चेंडूचा पाठलाग करणारी नजर पुढे गेलेली असते. फलक सेकंदाला १००० पिक्सेल सरकत असेल, तर त्याची प्रत्येक कडा डोळ्यात २० पिक्सेल पसरते.

यावर इलाज म्हणजे चित्र थोडाच वेळ दाखवायचं. ओएलईडी टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये काळी फ्रेम घालतो. अर्धा वेळ काळोख ठेवला की पसरणं १० पिक्सेलवर येतं, पण ३०० निटचा पडदा १५० निटचा होतो. पाव वेळच चित्र दाखवलं तर ५ पिक्सेल आणि ७५ निट. या व्यवहारात घासाघीस नाही. दिलासा एवढाच की निम्मा प्रकाश डोळ्याला निम्मा वाटत नाही. रात्री दिवे मंद करून १५० निट सहज चालतात. दुपारी खिडकी उघडी असेल तर मात्र चित्र मेल्यासारखं दिसतं.

एलसीडीत काळोख मागच्या दिव्यांनी करायचा असतो, आणि तिथे पिक्सेल खरोखरच संथ असतात. पडदा वरून खाली नवा होत जातो. सगळे दिवे एकदम उजळले तर मधला भाग स्वच्छ दिसतो, पण वर किंवा खाली जुन्या चित्राची सावली उरते. म्हणून काही टीव्हींत दिव्यांच्या पट्ट्या वरून खाली क्रमानं उजळतात: त्या भागातले पिक्सेल स्थिरावले की तिथला दिवा. एका पट्टीचा उजेड शेजारी झिरपतो, त्यामुळे सावली पूर्ण जात नाही. एलसीडीचा एक फायदा आहे: बॅकलाइट वाढवून थोडा उजेड परत मिळवता येतो.

मेनूत ही सोय सोनीकडे Motionflow खाली Clearness, सॅमसंगकडे LED Clear Motion, एलजीच्या ओएलईडीत OLED Motion अशा नावांनी सापडते. मॉडेलनुसार नाव बदलतं. चालू केल्यावर बातम्यांची खालची सरकती पट्टी नजरेनं धरून वाचा. अक्षरं टोकदार झाली तर काम झालं. प्रत्येक अक्षर दुहेरी दिसलं, तर दिवा एकाच चित्रासाठी दोनदा लागतो आहे. २४ फ्रेमच्या सिनेमात हे हमखास होतं, तिथे सोय बंदच ठेवावी. मग पांढरी भिंत किंवा आकाश असलेलं दृश्य पाहा. सेकंदाला ५० वेळा होणारी लुकलुक तिथेच जाणवते, आणि कपाळ दुखायला लागलं तर सवय होण्याची वाट पाहू नका. एचडीआरची सगळी मजा झगझगीत उजेडात असते, तिथे हा सौदा सहसा तोट्याचा ठरतो. आणि कॅमेऱ्याच्या शटरनंच फासलेला चेंडू यातलं कोणतंच बटण सुधारत नाही.