सांधा न दिसणारा ट्रॅक

मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेमसाठी ट्रॅक काढायचा आहे. कागदावर चारच खुणा आहेत: मध्यापासून 100 मीटरवर पूर्व, उत्तर, पश्चिम आणि दक्षिण. त्यांतून जाणारी गुळगुळीत, बंद वाट हवी.

पूर्वी जहाजांचे आराखडे काढणारे लाकडाची लवचिक पट्टी खुणांवर वजनं ठेवून वाकवत आणि तिच्या कडेनं रेघ ओढत. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. गणितातली स्प्लाइन तेच करते. दोन खुणांमध्ये एक त्रिघाती सूत्र बसवायचं आणि प्रत्येक खुणेवर दोन्ही बाजूंची दिशा व वळणाचा जोर जुळवायचा. ट्रॅक मागे वळतो, जपानच्या सुझुकासारखा स्वतःलाच ओलांडतोही, म्हणून x वरून y काढता येत नाही. दोन्ही आकडे t या तिसऱ्या राशीवरून, म्हणजे साधारण कापलेल्या अंतरावरून, वेगवेगळे काढतात.

आता पूर्वेकडून निघून चारही खुणा घेत परत पूर्वेला येऊ. पट्टीची दोन्ही टोकं मोकळी सोडली, तर वाट बंद होते खरी, पण सांधा फसतो. मी हा हिशेब हातानं केला. गाडी पूर्वेच्या खुणेवरून सरळ उत्तरेकडे निघायला हवी. ती निघते 30 अंश पश्चिमेला कलून, आणि फेरी संपवून येते 30 अंश पूर्वेला कलून. ऐन स्टार्ट लाइनवर 60 अंशांचा कोपरा!

उपाय म्हणजे आवर्ती स्प्लाइन. तिला टोकच नसतं, शेवटच्या खुणेची शेजारीण पहिलीच खूण असते. समीकरणांची साखळी गोल होते, कोपरा जातो. तरी वर्तुळ मिळत नाही. दोन खुणांच्या मधोमध त्रिज्या 97.2 मीटर भरते. चाराच्या आठ खुणा केल्या की ही चूक साधारण 12 सेंटिमीटरवर येते.

खुणा समान अंतरावर नसतील तर t ची वाटणी जपून करा. एक टप्पा 20 मीटरचा, दुसरा 200 चा, आणि दोघांना सारखाच t दिला, तर छोट्या टप्प्यात वाट फुगते, कधी गाठही मारते. दोन खुणांमधल्या सरळ अंतराएवढा t दिला की बहुतेक वेळा भागतं. लांब सरळ पट्ट्याचं दुखणं मात्र उरतंच. वळणाची लहर तिथे शिरते, खुणेगणिक साधारण चौथ्या हिश्शावर येत विरते. तिथे खुणा वाढवाव्यात, किंवा सरळ पट्टा वेगळाच काढावा.

पायथनच्या `CubicSpline` मध्ये `bc_type='periodic'` लिहिलं की काम होतं; फक्त पहिली खूण यादीच्या शेवटी पुन्हा लिहावी लागते. मग तीच यादी उत्तरेच्या खुणेपासून सुरू करून पुन्हा काढून बघा. वाट तसूभरही हलली, तर सांधा अजून चुकलेला आहे.