सलाईनच्या हातातली खोटी साखर

पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली दवाखान्यात टांगलेली बहुतेकांनी पाहिली असेल. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. पाच टक्के म्हणजे दर 100 मिलिलिटरमागे 5 ग्रॅम, म्हणजेच 5000 मिलिग्रॅम. निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तात उपाशीपोटी साधारण 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. बाटलीतलं द्रावण रक्ताच्या जवळजवळ पन्नासपट गोड असतं, आणि पुढचा सगळा घोळ या पन्नासपटीतून होतो.

शिरेतलं रक्त बोटांकडून हृदयाकडे वाहतं. मनगटाजवळ सुई लावलेली असेल तर तिथून शिरलेलं द्रावण त्याच हाताच्या शिरांतून कोपराकडे, खांद्याकडे चढतं. ते शरीरभरच्या रक्तात खऱ्या अर्थाने मिसळतं हृदयात आणि फुप्फुसांत पोहोचल्यावर. त्याआधीच कोपरात सुई टोचली, तर नळीत येतं ते या न मिसळलेल्या द्रावणासकटचं रक्त. वर दंडाला पट्टा आवळलेला असतो, त्यामुळे हृदयाकडची वाट अडते, ड्रिप मात्र खालून येतच राहते आणि शिरेतला गोडवा आणखी वाढतो.

समजा, उलट्यांमुळे दाखल झालेल्या साठीच्या बाईंच्या डाव्या मनगटाजवळ पाच टक्के डेक्स्ट्रोज चालू आहे. त्यांची खरी साखर 100 आहे. पहाटे डाव्याच कोपरातून 2 मिलिलिटर रक्त घेतलं गेलं आणि त्यात एक दशांश भाग ड्रिपचा आला. हे झाले जेमतेम चार थेंब. आता हिशेब करा: नऊ दशांश रक्ताचे 90 आणि एक दशांश द्रावणाचे 500. रिपोर्टवर साखर येते 590. अर्धाही थेंब नाही, इतकी म्हणजे एक टक्का भेसळ झाली असती तरी आकडा 149 झाला असता. हा दुसरा आकडा मला जास्त घातक वाटतो, कारण तो पाहून कुणी दचकत नाही आणि बाईंच्या कागदावर विनाकारण मधुमेहाची शंका लिहिली जाते.

590 पाहून मात्र कुणी घाईने इन्सुलिन दिलं तर खरी 100 असलेली साखर झपाट्याने खाली जाईल. घाम, थरथर, मग बेशुद्धी. ग्लानीत असलेल्या रुग्णाला काय होतंय ते सांगताही येत नाही.

असा रिपोर्ट ओळखायचा कसा? एकट्या साखरेकडे पाहून ते जमत नाही, शेजारचे आकडे पाहावे लागतात. द्रावणात ग्लुकोज आणि पाणी सोडून काही नाही, त्यामुळे बाकी सगळं एक दशांशाने पातळ होतं. आदल्या संध्याकाळचं 140 सोडियम 126 होतं, 4 पोटॅशियम 3.6, 9 कॅल्शियम 8.1 आणि 12 हिमोग्लोबिन 10.8. खरोखरच साखर वाढली तरी सोडियम उतरतं, कारण साखर पेशींतलं पाणी रक्तात ओढून घेते. पण साखर एवढी चढली तर ढोबळ हिशेबाने सोडियम सातआठ अंकांनी उतरेल, चौदाने नाही. शिवाय एका रात्रीत सगळेच घटक एकाच प्रमाणात घटणं हे साखर वाढल्याचं लक्षण नव्हे. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ रिपोर्ट पाठवण्याआधी कालचा रिपोर्ट शेजारी ठेवतो आणि वॉर्डात फोन करून विचारतो, ‘रक्त कुठल्या हातातून काढलं?’

आपल्याकडे सर्रास लावली जाणारी डीएनएस ही बाटली जास्त फसवी आहे. तिच्यात डेक्स्ट्रोजबरोबर मीठही असतं आणि तिचं सोडियम 154, म्हणजे रक्ताच्या आसपासच. तेवढीच भेसळ झाली तर साखर 590 दिसेल, पण सोडियम 141 येईल, अगदी निर्दोष. तिथे पोटॅशियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिनच चोरी पकडून देतात.

खात्री करायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटातून ग्लुकोमीटरवर साखर पाहायची आणि त्याच हाताच्या शिरेतून नवा नमुना पाठवायचा. तिथे पोहोचणारं रक्त हृदय आणि फुप्फुसांतून फिरून आलेलं असतं. ड्रिपमुळे तिथेही साखर थोडी वाढलेली दिसू शकते, पण ती वाढ खरी असते, शरीरभर असते.

दोन्ही हातांना सलाईन असेल तर डॉक्टरांना विचारून सिस्टर ड्रिप निदान दोन मिनिटं थांबवतात. पट्टा सुईच्या खाली, बोटांच्या बाजूला बांधतात, रक्त त्याहूनही खालच्या शिरेतून घेतात आणि पहिले काही मिलिलिटर टाकून देतात. रक्त झाल्याबरोबर ड्रिप पुन्हा सुरू होते. कोणती बाटली, कोणता हात आणि ड्रिप किती वेळ बंद होती, हे नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर लिहिलं जातं.