मास्क लावला, तरी ऑक्सिजन चढेना

दम्यात श्वासनलिका अरुंद होतात, पण बहुधा बंद होत नाहीत. त्यामुळे वायुकोशांत हवा कमी पोचते, रक्त मात्र नेहमीसारखंच वाहतं. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन मास्कने ४० टक्के केला, की तेवढ्या थोड्या हवेतूनही रक्ताची गरज भागते.

गंभीर न्यूमोनियात वायुकोश पू आणि द्रवाने भरतात. तिथून जाणाऱ्या रक्ताला हवा भेटतच नाही. मास्कचा ऑक्सिजन त्याच्यापर्यंत जाणार कसा? चांगल्या भागातलं रक्तही ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण त्यातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं. १०० मिलिलीटर रक्तात साधारण २० मिलिलीटर ऑक्सिजन मावतो; शुद्ध ऑक्सिजन दिला, तरी जेमतेम दोनच मिलिलीटर जादा विरघळतो. म्हणून डॉक्टर रुग्णाला पालथं झोपवतात किंवा व्हेंटिलेटरच्या दाबाने मिटलेले वायुकोश उघडू पाहतात.