आधी एप्सिलॉन, मग डेल्टा

x ही संख्या 2 च्या जवळ गेली की 5x − 3 ची किंमत 7 च्या जवळ जाते. हे पटायला काहीच अवघड नाही. x = 2.1 घेतला तर 7.5 मिळतात, 2.01 घेतला तर 7.05. अकरावी-बारावीत सीमा शिकताना आपण एवढ्यावर थांबतो आणि उत्तर 7 लिहून मोकळे होतो. पण ‘जवळ’ म्हणजे किती जवळ? दोन-चार किमती पाहून पुढच्या सगळ्या किमतींची खात्री कशी द्यायची?

न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभारले, तेव्हा या प्रश्नाला नेमके उत्तर नव्हते. बिशप बर्कली यांनी 1734 साली नेमके याच जागी बोट ठेवले. पुढे फ्रान्समध्ये कोशी यांनी 1820 च्या दशकात आपल्या सिद्धतांत एप्सिलॉन आणि डेल्टा ही ग्रीक अक्षरे वापरली, आणि जर्मनीत वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून या व्याख्येला आजचे काटेकोर रूप आले.

या व्याख्येत ‘जवळ जाणे’ हे शब्दच नाहीत. तिथे एक आव्हान आहे. तुम्ही कोणतीही धन संख्या ε सांगा, हवी तेवढी लहान. ती ऐकून मी एक धन संख्या δ सांगायची, अशी की x चे 2 पासूनचे अंतर δ पेक्षा कमी असेल (पण शून्य नसेल), तर 5x − 3 चे 7 पासूनचे अंतर ε पेक्षा कमी असलेच पाहिजे. प्रत्येक ε ला असा δ देता आला, तरच सीमा 7. यात क्रमाला फार महत्त्व आहे. ε आधी येतो, म्हणून δ त्याच्यावर अवलंबून असू शकतो. पण x नंतर येतो, म्हणून δ च्या सूत्रात x दिसला की सिद्धता चुकली असे खुशाल समजावे.

δ शोधायचा कसा? इथे कच्चे काम करावे लागते, आणि ते उलट्या दिशेने चालते. शेवटी काय हवे आहे, तिथून सुरुवात करू.

|(5x − 3) − 7| = |5x − 10| = 5|x − 2|

म्हणजे x जितका सरकतो त्याच्या पाचपट उत्तर सरकते. हे अंतर ε पेक्षा कमी हवे, तर |x − 2| हे ε/5 पेक्षा कमी हवे. δ सापडला: ε/5. रेषेचा चढ 5 आहे, तोच भाजक झाला. चढ −5 असता तरी केवलमूल्यामुळे भाजक 5 च राहिला असता.

पण ही अजून सिद्धता नाही. विद्यार्थ्यांचे गुण बहुधा इथेच जातात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून आपण मागे आलो. आता पुढच्या दिशेने लिहायचे: कोणताही ε > 0 घ्या. δ = ε/5 निवडा; तो धन आहे. आता 0 < |x − 2| < δ असेल, तर

|(5x − 3) − 7| = 5|x − 2| < 5δ = ε

सिद्धता संपली. इथे ‘साधारणपणे’ किंवा ‘हळूहळू’ असे काही म्हणावे लागले नाही.

पडताळून पाहू. ε = 0.1 घेतला तर δ = 0.02. x = 2.019 ला किंमत 7.095, म्हणजे अंतर 0.095, चालले. कोणी उदार होऊन δ = 0.05 घेतला असता, तर x = 2.04 ला किंमत 7.2 येते आणि दावा कोसळतो. उलट δ = 0.01 घेतला तर बिघडत नाही. लहान δ नेहमीच चालतो. सर्वात मोठा शोधण्याची सक्ती नाही.

आता कोणी सीमा 8 आहे म्हणाले तर? त्याला ε = 1/2 द्या. तो कोणताही δ सांगो, x = 2 − δ/2 ही संख्या त्याच्याच पट्ट्यात आहे, आणि तिथे किंमत 7 पेक्षाही कमी, म्हणजे 8 पासून एकाहून अधिक दूर. या एका ε ने त्याचा दावा खोटा ठरतो. व्याख्येची खरी ताकद मला इथे दिसते: ती चुकीचे उत्तर पकडून देते.

आणि x = 2 का वगळला? (5x² − 13x + 6)/(x − 2) पाहा. x = 2 ला याला अर्थच नाही, पण इतर सर्व ठिकाणी ते 5x − 3 च आहे. म्हणून याचीही सीमा 7, आणि सिद्धता अक्षरशः वरचीच.

रेषीय फलनाची ही सोय सर्वत्र मिळत नाही. x² ची 2 पाशी सीमा 4 आहे हे दाखवताना |x − 2| सोबत |x + 2| हा बदलता गुणक येतो. म्हणून आधी x ला 2 पासून एकाहून कमी अंतरावर ठेवावे लागते, म्हणजे तो गुणक 5 च्या आत राहतो, आणि मग 1 व ε/5 यांतली लहान संख्या δ म्हणून घेतात. शिवाय 2 ऐवजी 100 पाशी गेलो तर हा δ पुरत नाही. 5x − 3 साठी मात्र रेषेवर कुठेही जा, ε/5 च पुरतो.