तक्त्यातला रिकामा रकाना

बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाची मोटर १२ व्होल्टची आहे आणि ती साधारण ५ अँपिअर करंट घेते, असं धरू. ती चालू-बंद करायचं काम आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाकडे द्यायचं आहे. बोर्डाच्या पिनेतून निघतात जेमतेम ५ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर. म्हणून मध्ये एक मॉस्फेट लागतो, म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मागितला तर बहुतेकदा समोर IRFZ44N ठेवला जातो. तो नसेल तर IRLZ44N, नाहीतर IRF540N. मग कुणीतरी डेटाशीटचे फोटो पाठवतं: एक छापील पानाचा, एक लॅपटॉपच्या पडद्याचा, एक तिरका आणि वर ट्यूबलाइटची तिरीप पडलेला. त्यातले आकडे एका तक्त्यात आणून निवड करायची आहे.

आपल्याला सगळ्यात आधी हवा तो चालू स्थितीतला रोध. स्विच पूर्ण उघडल्यावरही त्याच्या आत थोडा रोध उरतो, आणि त्यातून करंट गेला की उष्णता होते. रोध जितका कमी, तितका स्विच थंड. IRFZ44N च्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत `17.5mΩ` असं छापलेलं असतं. IRLZ44N च्या पानावर तीच गोष्ट `0.022Ω` अशी लिहिलेली असते. एक मिलिओहममध्ये, दुसरी ओहममध्ये. एक ओहम म्हणजे हजार मिलिओहम, तेव्हा दुसऱ्याला हजाराने गुणलं की २२ मिलिओहम मिळतात. १७.५ विरुद्ध २२. पहिला सरस, विषय संपला, असं वाटतं.

तो संपलेला नाही. एकक सारखं करणं हा यातला सोपा भाग. तो आकडा कोणत्या अटीवर दिला आहे, हे सारखं करणं अवघड, आणि फोटोत नेमकी तीच गोष्ट हरवते.

इंटरनॅशनल रेक्टिफायर या कंपनीच्या डेटाशीटमध्ये तक्त्याचे रकाने असे लागतात: गुणधर्म, किमान, टिपिकल, कमाल, एकक आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कडेला, अटी. फोटो काढणारा माणूस आकडा नीट यावा म्हणून फोन जवळ नेतो आणि उजवी कड कापली जाते. उरतो नुसता आकडा. फिलिप्सच्या डेटाशीटमध्ये अटींचा रकाना आकड्यांच्या आधी, मध्येच असतो, त्यामुळे तिथे तो सहसा वाचतो. म्हणून दोन कंपन्यांचे फोटो शेजारी ठेवले, तर एकात अट दिसते आणि दुसऱ्यात ती नव्हतीच असं वाटतं. फोटो नेहमी पूर्ण ओळीचा घ्यावा, वरच्या शीर्षकांसकट. आणि पहिल्या पानाचा एक वेगळा, ज्यात कंपनीचं नाव आणि आवृत्ती दिसेल.

आता ती अट काय आहे ते पाहू. मॉस्फेटच्या गेटवर किती व्होल्ट दिले, यावर तो किती उघडतो हे ठरतं. नळाचा कॉक किती फिरवला त्यावर धार ठरावी तसं. IRFZ44N चे १७.५ मिलिओहम आहेत गेटवर १० व्होल्ट असताना. IRLZ44N चे २२ मिलिओहमही १० व्होल्टवरचेच. आपल्या बोर्डाकडे मात्र ५ व्होल्टच आहेत. IRLZ44N च्या तक्त्यात याच गुणधर्माखाली आणखी दोन ओळी असतात: ५ व्होल्टला ०.०२५ ओहम आणि ४ व्होल्टला ०.०३५ ओहम. IRFZ44N च्या तक्त्यात अशी दुसरी ओळ नाही. १० व्होल्टनंतर कंपनी गप्प आहे.

म्हणून तक्ता असा मांडावा लागतो. जसं छापलं आहे तसं एका रकान्यात, बदललेलं एकक दुसऱ्यात आणि गेटचं व्होल्टेज त्याच्या शेजारी, स्वतंत्र रकान्यात:

```
part,maker,printed,mohm_max,gate_V
IRFZ44N,IR,17.5mΩ,17.5,10
IRFZ44N,IR,,,5
IRFZ44N,Philips,22mΩ,22,10
IRLZ44N,IR,0.022Ω,22,10
IRLZ44N,IR,0.025Ω,25,5
IRLZ44N,IR,0.035Ω,35,4
```

दुसऱ्या ओळीतली रिकामी जागा मुद्दाम ठेवली आहे. तिथे शून्य लिहिलं तर स्प्रेडशीट रोधाप्रमाणे क्रम लावताना त्या भागाला पहिला नंबर देईल. तिथे १७.५ पुन्हा लिहिलं तर आपण कंपनीच्या नावावर स्वतःचंच वचन खपवलं. मूळ छापील आकड्याचा रकाना पुढे कधीही पुसू नये. शंका आली की परत फोटोकडे जायचा रस्ता तोच.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. त्याच डेटाशीटमध्ये ‘थ्रेशोल्ड व्होल्टेज’ म्हणून किमान २ आणि कमाल ४ व्होल्ट दिले आहेत. आपले ५ व्होल्ट ४ पेक्षा जास्त, मग अडचण कुठे? अडचण पुन्हा अटींच्या रकान्यात आहे. हे थ्रेशोल्ड मोजलेलं असतं २५० मायक्रोअँपिअर करंटवर. आपली मोटर घेते ५ अँपिअर, म्हणजे त्याच्या २०,००० पट. थ्रेशोल्ड म्हणजे स्विच उघडायला नुकती सुरुवात झाली तो बिंदू. तिथून पूर्ण उघडेपर्यंत बरंच अंतर असतं. ‘माझ्याकडे तर ५ व्होल्टवर चालतो’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही. त्याच्या हाती आलेल्या तुकड्याचं थ्रेशोल्ड २ च्या जवळ असेल. ४ च्या जवळचा तुकडा आला की तोच पंप दम टाकत फिरतो आणि स्विच चटका बसेल इतका तापतो. डेटाशीटमध्ये ५ व्होल्टची रेषा असलेला आलेखही सापडतो, पण तो टिपिकल तुकड्याचा. कमाल रकान्यातला आकडा ही हमी, टिपिकल म्हणजे नमुना. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात मिसळू देऊ नयेत.

तक्त्यातली तिसरी ओळ पाहून काही जण बुचकळ्यात पडतील. नाव तेच, IRFZ44N, पण फिलिप्सच्या पानावर कमाल रोध २२ मिलिओहम. ही छपाईची चूक नाही. दोन कारखान्यांनी एकाच नावाखाली काढलेले हे वेगळे भाग आहेत. म्हणून कंपनीचा रकाना हवा. त्यातही फिलिप्सचा सेमीकंडक्टर विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला आणि इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ मध्ये इन्फिनिऑनकडे गेली. जुन्या फोटोत एक नाव आणि नव्यात दुसरं दिसलं, तर ते कदाचित एकच डेटाशीट असेल. शेवटच्या अक्षराकडेही नीट बघावं. IRF540N चा कमाल रोध ४४ मिलिओहम आहे, तर विशेच्या IRF540 चा ७७. फोटोच्या कडेला एक N कापला गेला तर जवळपास पावणेदोनपट फरक पडतो.

फोटोतला मजकूर ओळखणारी ॲप्स वापरली तर टायपिंग वाचतं, पण त्यांच्या चुका ठरावीक जागी होतात. ओहमच्या चिन्हाचा Q किंवा शून्य होतं. मायक्रोचा µ हा p सारखा वाचला जातो, आणि p म्हणजे पिको, दहा लाख पटीने लहान. दशांशचिन्ह तिरपीत गायब होतं आणि १७.५ चे १७५ होतात. सगळ्यात फसवी चूक मात्र आकड्यात नसते. किमान आणि टिपिकल हे रकाने रिकामे असले की ॲप ते गिळून टाकतं आणि कमालचा आकडा सरकत किमानच्या जागी येऊन बसतो. आकडा बरोबर, एकक बरोबर, अर्थ उलटा. ही चूक हिशेबाने सापडत नाही. फोटो शेजारी ठेवून शीर्षकावरून बोट खाली आणावं लागतं.

काही चुका मात्र डेटाशीट स्वतःच पकडून देतं. IRFZ44N साठी २५ अंशांना कमाल ९४ वॅट दिले आहेत, आणि तापमान वाढेल तसे दर अंशाला ०.६३ वॅट कमी करा असंही म्हटलं आहे. भागाची मर्यादा १७५ अंश, म्हणजे २५ पासून १५० अंश वर. ०.६३ गुणिले १५० म्हणजे ९४.५. जुळलं. ॲपने ०.६३ चे ०.८३ वाचले असते तर उत्तर १२४ च्या पुढे गेलं असतं आणि लगेच खटकलं असतं.

उष्णतेच्याच रकान्यात एककाचा एक सापळा आहे. एका कंपनीने तापमानवाढ दर वॅटला अंश सेल्सिअसमध्ये दिलेली असते, दुसरीने केल्व्हिनमध्ये. शाळेत शिकलेलं २७३ आठवतं आणि कुणीतरी ते वजा करून मोकळं होतं. इथे काहीच वजा करायचं नाही. हा तापमानातला फरक आहे, आणि एक केल्व्हिनचा फरक म्हणजे एक अंश सेल्सिअसचाच फरक. आकडा जसाच्या तसा उतरवायचा.

आता पंपाकडे. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. IRLZ44N साठी ५ व्होल्टच्या ओळीतले २५ मिलिओहम घेतले, तर २५ गुणिले ०.०२५, म्हणजे ०.६२५ वॅट. हीटसिंक नसताना हा भाग दर वॅटला ६२ अंश तापतो, म्हणजे जवळपास ३९ अंश वाढ. उन्हाळ्यातले ४० अंश त्यात मिळवले की ७९. पण डेटाशीटमधला रोध २५ अंशांवरचा आहे; भाग तापला की रोध वाढतो, रोध वाढला की भाग आणखी तापतो. हा वाढीव रोध धरला तर हिशेब साधारण ९५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. १७५ च्या मर्यादेपासून तो लांब आहे, पण बंद प्लास्टिकच्या डबीत भोवतालची हवाच ४० च्या वर जाईल, तेव्हा ॲल्युमिनियमची छोटी पट्टी लावलेली बरी. IRFZ44N साठी हाच हिशेब सुरूच करता येत नाही, कारण ५ व्होल्टच्या ओळीत गुणायला आकडाच नाही.

या पंपासाठी IRLZ44N घ्यावा. दुकानात नाव सांगताना L वर जोर द्यावा आणि पाकिटात टाकण्याआधी भागावर छापलेलं अक्षर बघून घ्यावं. गेटला १० ते १२ व्होल्ट देणारी ड्रायव्हर चिप मध्ये बसवणार असाल, तर मात्र इंटरनॅशनल रेक्टिफायरचा किंवा इन्फिनिऑनचा IRFZ44N कमी तापेल, आणि तेव्हा तक्त्यातली पहिली ओळ तुमच्या कामाची.