अनंत टप्पे, ठरावीक अंतर

भूमिती श्रेढीतले प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणून मिळते. पहिले पद a आणि ती गुणणारी संख्या, म्हणजे सामान्य गुणोत्तर, r मानले तर पदे a, ar, ar², ar³ अशी पुढे जातात. दहा-वीस पदांची बेरीज करणे वेळखाऊ असले तरी सरळ काम आहे. पण पदे संपतच नसतील, तर त्यांची बेरीज म्हणजे नेमके काय आणि ती केव्हा मिळते, हे आधी ठरवावे लागते. जमिनीवर टप्पे खाणारा चेंडू हे ठरवायला उपयोगी पडतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत चेंडूच्या उसळीची चाचणी दिलेली आहे. नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडला, तर त्याची उसळी १३५ ते १४७ सेंटिमीटरच्या दरम्यान आली पाहिजे. म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर चेंडू मूळ उंचीच्या साधारण ५३ ते ५८ टक्के उंची गाठतो. गणितासाठी हे प्रमाण ५५ टक्के घेऊ, आणि प्रत्येक टप्प्याला ते तेवढेच राहते असे मानू.

मग उसळ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये १३९.७, ७६.८, ४२.३, २३.२, १२.८ अशी उतरत जाते. प्रत्येक उंची आधीच्या उंचीच्या ०.५५ पट आहे, म्हणून ही भूमिती श्रेढी आहे. उंची कितीही कमी झाली तरी तिचा ५५ टक्के भाग शून्य होत नाही. त्यामुळे या नियमानुसार शेवटची उसळी अशी कुठलीच नाही. तरीही चेंडूने एकूण किती अंतर कापले, याचे उत्तर निश्चित संख्येत देता येते.

त्यासाठी सुरुवात अनंत पदांपासून न करता पहिल्या n पदांपासून करावी. त्यांच्या बेरजेला Sₙ म्हणू.

Sₙ = a + ar + ar² + … + arⁿ⁻¹

दोन्ही बाजूंना r ने गुणले की उजवीकडचे प्रत्येक पद एक घर पुढे सरकते.

rSₙ = ar + ar² + … + arⁿ

पहिल्या ओळीतून दुसरी वजा केली तर मधली सगळी पदे एकमेकांना छेदतात. उरतात फक्त पहिल्या ओळीतले पहिले पद आणि दुसऱ्या ओळीतले शेवटचे.

Sₙ(१ − r) = a − arⁿ

r ची किंमत १ नसेल तर दोन्ही बाजूंना (१ − r) ने भागता येते आणि हे सूत्र मिळते.

Sₙ = a/(१ − r) − arⁿ/(१ − r)

या सूत्राचे दोन भाग वेगवेगळे वाचले पाहिजेत. पहिल्या भागात n नाहीच. किती पदे घेतली याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या भागात rⁿ आहे, आणि पदांच्या संख्येबरोबर तोच बदलतो. चेंडूच्या बाबतीत r = ०.५५ आहे. त्याचा पाचवा घात सुमारे ०.०५, दहावा घात सुमारे ०.००२५ आणि विसावा घात सुमारे ०.०००००६४ येतो. n वाढवत नेले की दुसरा भाग शून्याच्या हवा तितका जवळ जातो, आणि Sₙ पहिल्या भागाच्या हवी तितकी जवळ येते. पहिल्या भागाच्या या किमतीलाच अनंत श्रेढीची बेरीज म्हणतात.

S = a/(१ − r)

म्हणजे ही बेरीज अनंत वेळा मिळवणी करून काढलेली नसते. आंशिक बेरजा ज्या एका संख्येकडे सरकतात, ती त्यांची सीमा असते. चेंडूच्या उसळ्यांच्या आंशिक बेरजा १३९.७, २१६.५, २५८.८, २८२.०, २९४.८ अशा वाढतात. सूत्रानुसार त्यांची सीमा १३९.७ ÷ ०.४५, म्हणजे सुमारे ३१०.४ सेंटिमीटर आहे. पाच उसळ्यांनंतर फक्त १५.६ सेंटिमीटर उरतात, आणि पुढची प्रत्येक उसळी त्या उरलेल्या अंतराचा ४५ टक्के भाग भरून काढते. अंतर उरतच राहते, पण ३१०.४ ची मर्यादा कधी ओलांडली जात नाही.

केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावरील भाष्यात अशाच एका श्रेढीचा विचार केला होता. एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, पुन्हा त्याचा चतुर्थांश अशी न संपणारी बेरीज एक तृतीयांश येते, हे त्यांनी दाखवले. वरच्या सूत्रात a आणि r या दोन्हींच्या जागी १/४ ठेवले की हेच उत्तर मिळते.

आता चेंडूचे पूर्ण अंतर काढू. इथे एक चूक वारंवार होते. a = २५४ घेऊन सरळ सूत्र वापरले तर ५६४.४ सेंटिमीटर उत्तर येते, पण ते फक्त खाली येण्याचे अंतर आहे. चेंडू प्रत्येक उसळीची उंची दोनदा कापतो, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना. सुरुवातीचे २५४ सेंटिमीटर मात्र तो एकदाच कापतो. म्हणून एकूण अंतर २५४ + २ × ३१०.४, म्हणजे सुमारे ८७५ सेंटिमीटर, पावणेनऊ मीटर होते. ताळा करणे सोपे आहे: खाली येण्याच्या एकूण अंतरातून वर जाण्याचे एकूण अंतर वजा केले, तर चेंडू मुळात जितक्या उंचीवर होता ती उंची मिळाली पाहिजे. ५६४.४ वजा ३१०.४ बरोबर २५४. हिशेब जुळतो.

गुणोत्तरातला थोडा फरकही बेरजेत मोठा होऊन दिसतो. नियमातली किमान उसळी, १३५ सेंटिमीटर, घेतली तर एकूण अंतर सुमारे ८३० सेंटिमीटर येते. कमाल, १४७ सेंटिमीटर, घेतली तर ते सुमारे ९५२ होते. पहिल्या उसळीतला १२ सेंटिमीटरचा फरक एकूण अंतरात जवळजवळ सव्वा मीटर झाला. याचे कारण छेदातल्या (१ − r) मध्ये आहे. r जसजसे १ च्या जवळ जाते तसतसा छेद लहान होतो आणि बेरीज झपाट्याने वाढते. r = ०.९ असेल तर एकूण अंतर मूळ उंचीच्या १९ पट होते, आणि r = ०.९९ असेल तर १९९ पट.

यावरून बेरीज अस्तित्वात असण्याची अट स्पष्ट होते. सगळे rⁿ वर अवलंबून आहे. r हे −१ आणि १ यांच्या दरम्यान असेल, म्हणजे |r| < १ असेल, तरच rⁿ शून्याकडे जाते आणि श्रेढी अभिसारी होते. (पहिले पदच शून्य असेल तर प्रश्न उरत नाही.) r ऋण असले तरी चालते. १ − १/२ + १/४ − १/८ … या श्रेढीच्या आंशिक बेरजा २/३ या संख्येच्या आलटूनपालटून वर-खाली येत तिच्याच जवळ जातात.

r = १ म्हणजे चेंडू दर वेळी तितकाच उसळणार. मग अंतर वाढतच राहते आणि कुठलीही सीमा मिळत नाही. r = −१ असेल तर १ − १ + १ − १ … या श्रेढीच्या आंशिक बेरजा १, ०, १, ० अशा येत राहतात आणि कुठेही स्थिरावत नाहीत. इटलीतील गुइदो ग्रांदी यांनी १७०३ मध्ये या श्रेढीची चर्चा केली. सूत्रात r = −१ घातले तर उत्तर १/२ येते, पण आंशिक बेरजा त्या संख्येजवळ कधी जातच नाहीत. r = २ घेतले तर १ + २ + ४ + ८ … या वाढत्या धन संख्यांची बेरीज सूत्र −१ सांगते. अट न तपासता सूत्र वापरले की असे निरर्थक उत्तर मिळते, आणि ते चुकले आहे हे सूत्र स्वतः सांगत नाही.

पदे शून्याकडे जातात म्हणून बेरीज असणारच, असा समज मात्र करून घेऊ नये. समजा, एखाद्या चेंडूच्या उसळ्या १, १/२, १/३, १/४ मीटर अशा येतात. इथेही प्रत्येक उसळी आधीपेक्षा लहान आहे आणि उंची शून्याकडे जाते. तरीही बेरजेला मर्यादा नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त होतात, १/५ ते १/८ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, १/९ ते १/१६ मिळून पुन्हा तेच. असे अर्धे कितीही वेळा मिळवता येतात. या उसळ्यांची गुणोत्तरे १/२, २/३, ३/४ अशी आहेत. प्रत्येक गुणोत्तर १ पेक्षा लहान असले तरी ती १ कडे सरकत जातात. भूमिती श्रेढीत गुणोत्तर स्थिर असते, आणि त्या स्थिरतेमुळेच |r| < १ ही एकच अट पुरेशी ठरते.

टप्प्यांना लागणारा वेळही भूमिती श्रेढीतच असतो. उसळीला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेळेचे गुणोत्तर ०.५५ चे वर्गमूळ, सुमारे ०.७४ येते. हवेचा विरोध सोडून दिला तर २५४ सेंटिमीटर खाली यायला ०.७२ सेकंद लागतात. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात १.०७ सेकंदाचे अंतर पडते, आणि पुढची अंतरे ०.७४ पटीने कमी होत जातात. सगळ्यांची बेरीज सुमारे ४.८५ सेकंद होते. म्हणजे नियमाप्रमाणे अनंत टप्पे पाच सेकंदांच्या आत पुरे होतात आणि त्यानंतर चेंडू स्थिर असतो. घरी r मोजायचा सोपा मार्गही यातून मिळतो. टप्प्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, लागोपाठच्या दोन अंतरांचे गुणोत्तर काढावे आणि त्याचा वर्ग करावा.

खरा चेंडू अनंत टप्पे खात नाही. विसाव्या उसळीची उंची गणिताने एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी येते. चेंडूवरच्या लोकरी आवरणाचे तंतूही त्याहून जाड थराचे असतात, म्हणून त्याला उसळी म्हणण्यात अर्थ उरत नाही. गुणोत्तरही सगळ्या वेगांना अगदी सारखे राहत नाही. पण विसाव्या उसळीनंतरच्या सगळ्या अनंत उसळ्या मिळून, वर-खाली दोन्ही धरून, केवळ ०.०४ मिलिमीटर भरतात. पावणेनऊ मीटरच्या हिशेबात ही चूक मोजपट्टीला दिसणारही नाही. उत्तराची अचूकता शेपटातल्या पदांपेक्षा r किती नेमके मोजले यावर ठरते. म्हणून अशा गणितात आधी गुणोत्तर स्थिर आहे का ते पाहावे, मग |r| < १ आहे का ते तपासावे, आणि त्यानंतरच a/(१ − r) वापरावे.