पांढरा न खोडता

कागदावर काळ्या शाईने काढलेली समई स्कॅन करून घेतली आहे आणि तो लोगो पिवळ्या कापडी पिशवीच्या फोटोवर बसवून गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे. फोटोशॉपमध्ये तो ठेवला की समईसोबत पांढरा चौकोनही येतो. बहुतेक जण मॅजिक वाँडने पांढरा निवडतात आणि खोडतात. चौकोन जातो, पण रेघांभोवती मळकट पांढरी किनार उरते.

ही किनार येते कुठून? काळी रेघ आणि पांढरा कागद यांच्या सीमेवर राखाडी ठिपक्यांची पट्टी असते. तिच्यामुळेच रेघ गुळगुळीत दिसते. वाँड पांढरे ठिपके उचलते, फिकट राखाडी मात्र मागे राहतात. मर्यादा वाढवली, तर रेघच कुरतडली जाते.

त्याऐवजी लोगोचा लेयर निवडावा आणि लेयर्सच्या पॅनलमध्ये जिथे Normal लिहिलेले असते तिथे Multiply निवडावे. पांढरा तत्क्षणी नाहीसा होतो. नाव गुणाकाराचे आहे आणि काम खरोखर तेवढेच:

```
वरचा × खालचा ÷ 255
```

लाल, हिरवा, निळा या प्रत्येक घटकासाठी हा हिशेब वेगळा होतो. पांढरा म्हणजे 255, म्हणून खालचा रंग जसाच्या तसा राहतो. काळा म्हणजे 0, म्हणून तिथे काळाच. पिशवीचा पिवळा 255, 200, 0 असेल आणि काठावरचा राखाडी ठिपका 200 चा असेल, तर उत्तर येते 200, 157, 0, म्हणजे थोडा गडद पिवळा. खोडताना मागे उरलेला तोच ठिपका 200, 200, 200 असा फिकट राखाडी असतो. पिवळ्यावर तो डोळ्यांत खुपणारच. शिवाय पिशवीच्या घड्या आणि सावल्या लोगोच्या मोकळ्या जागेतून आपोआप दिसत राहतात.

एवढे करूनही पुसटसा चौकोन दिसला, तर दोष कागदाचा. स्कॅनमध्ये तो 255 नव्हे, 240 च्या आसपास उतरलेला असतो, आणि पिशवीचा 200 तेवढ्या भागात 188 होतो. Levels उघडून उजवीकडचा पांढरा स्लायडर 235 पर्यंत आत ओढला की कागद निखळ पांढरा होतो आणि चौकोन जातो.

गडद निळ्या पिशवीवर मात्र काळी रेघ बुडून जाते. तिथे लोगो उलटा करून, म्हणजे रेघा पांढऱ्या आणि पार्श्वभूमी काळी करून, Screen वापरावे लागते. ज्योतीच्या आत मुद्दाम पांढरा हवा असेल, तर Multiply तोही घालवते. तेवढा आकार लोगोच्या खालच्या लेयरवर वेगळा भरावा लागतो.

लोगो एकटाच पीएनजी करून पाठवला, तर पांढरा चौकोन परत येतो, कारण गुणायला खाली काही उरलेले नसते. सुटी, पारदर्शक फाइल हवी असेल, तर रेघा व्हेक्टरमध्ये उतरवून घेणेच बरे.